हेव्याचं कार्ड

तिनं माझं कार्ड परत माझ्यापुढं सरकवलं तेव्हा वाचनालयात आम्ही चौघं होतो आणि चौघांसमोर माझा कान पकडल्याचा भास मला झाला. मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलेली. ती दिंद्रुडच्या शाळेवरची मास्तरीण. पूर्वी माझ्याच वर्गात बसायची. पहिल्या बैठकीत तिनं सगळ्यांना तसं सांगितलं, तेव्हा मी "आठवत नाही बुवा" म्हणालो होतो. आठवत होतं चांगलं.

पाटोद्याच्या वाचनालयात दर रविवारी आम्ही परप्रांतातून इथं नोकरीला आलेल्यांसाठी छोटा मराठी शब्दकोश करत होतो. एक शब्द, एक कार्ड. अर्थ रोजच्या दोन हजार शब्दांच्या यादीतूनच लिहायचा, बाहेरचा शब्द आला की कार्ड बाद. ज्या शब्दानं अर्थ सांगायचा त्याचा अर्थ पुन्हा पहिल्याच शब्दानं सांगायचा नाही. तीनदा कार्ड परत आलं, की ते अक्षर दुसऱ्याकडं जाणार. 'म' संपवून आता 'ह' माझ्याकडं होता आणि माझी कार्डं तपासायचं काम तिच्याकडं. 'ह' गेला तर तो तिच्याकडंच जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

मी लिहिलं होतं, 'हेवा: मत्सर, असूया.'

"सर, यादीत दोन्ही न्हाईत," ती म्हणाली. मग तिनं खोक्यातून एक जुनं कार्ड काढलं. "आन् हे बघा. मत्सर म्हणजे हेवा. शिकणारानं जावं कुठं?"

"कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

तिनं कार्ड उलटं केलं. मागं माझी सही होती.

बाकीचे दोघं खाली बघून हसले. मला तिचा असा संताप आला की चहा अर्धा टाकून मी बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो. ती चुकली असती तर बरं झालं असतं. पण ती चुकत नव्हती. 'रुसवा'सारखा शब्द तिनं माझ्यादेखत दोन ओळींत सोपा केला होता, आणि तिचं ते कार्ड पास झालं तेव्हाही मी याच पायरीवर आलो होतो.

पुढच्या रविवारी मी नवं कार्ड आणलं. 'दुसऱ्याजवळ असलेली वस्तू आपल्याला हवी असं वाटणे.' सगळे शब्द यादीतले. आता बोल म्हटलं.

आमच्या रिवाजाप्रमाणं तिनं शब्द बोटानं झाकला आणि अर्थ तेवढा बँकेतल्या साहेबांना वाचून दाखवला. ओडिशातून बदली होऊन आलेले हे साहेब दर रविवारी आमची कार्डं ऐकायला यायचे. अर्थ ऐकून स्वतःच्या आयुष्यातलं एक उदाहरण त्यांनी द्यायचं, म्हणजे समजलं की नाही ते कळतं.

"शेजाऱ्याचा पेपर मला हवा असतो," ते म्हणाले. "मी मागतो. तो देतो. आम्ही खुश."

"सर, हेव्यात कुणी खुश नसतंय," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा परत."

"तू मला मराठी शिकवू नकोस!"

"कार्ड तपासतेय सर. तुमाला न्हाई."

तो आठवडा मी घरात सगळ्यांवर डाफरत काढला. शब्द साधा होता, चांगला ओळखीचा होता, आणि तरी कागदावर येत नव्हता. शनिवारी मी मोठे शब्द सोडून दिले. तिची कार्डं पास होतात तेव्हा मला नेमकं काय होतं तेवढंच लिहिलं: 'दुसऱ्याचं चांगलं होतं. ते आपलं का नाही, असं वाटून मनात राग येतो. तो राग.'

रविवारी तिनं शब्द झाकला आणि वाचलं. साहेबांनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"समजलं! मॅडमचं कार्ड पास होतं, तेव्हा सर चहा सोडून बाहेर जातात. तसं ना?"

भल्या मनानं विचारत होते बिचारे. कुणी हसलं नाही. मला त्या माणसाला टेबलासकट उलथून टाकावंसं वाटलं.

तिनं वर न बघता कार्डावर बरोबरची खूण केली. "पास. सर, उदाहरणाची ओळ राहिली."

म्हणजे 'ह' माझ्याकडंच राहिला होता. मी कार्ड ओढलं आणि रागारागानं लिहिलं, 'सरांना आपल्या शिष्येचा हेवा वाटतो.' आणि तिच्यापुढं फेकलं.

तिनं वाचलं. एकदा माझ्याकडं बघितलं, मग यादीकडं.

"सर, 'शिष्या' यादीत न्हाई."

मी पेन उघडलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'मी शिकवलेल्या मुलीचा'. 'सरांना आपल्या'ही खोडून तिथं 'मला' केलं.

या वेळी यादी न बघताच तिनं ते कार्ड खोक्यात ठेवलं. मी चहा संपवला.