सत्तारच्या ओट्याखालचा वॉल

बेलापुरात सत्तार गादीवाल्याला सगळे ओळखतात, पण झोपलेला सत्तार कुणी फारसा पाहिलेला नाही. दिवसभर कापूस पिंजायचा, संध्याकाळी खोळी भरायच्या, आणि दर तिसऱ्या दिवशी मध्यरात्री गावाचं पाणी आलं की उठून बसायचं, असा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. गल्लीत सगळ्यांचीच हीच तऱ्हा. नळ उघडाच ठेवून झोपायचं. पाणी आलं की ते खळाखळा बोलतं, माणूस उठतो, हौद भरतो, मग पाणी गटारात जाऊ नये म्हणून आळीपाळीने बादल्या, टिपं आणि शेजाऱ्याची टिपं. कुणाला घरात येणारं पाणी अडवायचा वॉल बंद करायची गरजच पडत नाही, कारण कुणाला झोपायचीच परवानगी नाही.

या महिन्यात सत्तारने बंड केलं. गुडघे बोलायला लागले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि फोमच्या गाद्यांनी धंदा तसाही अर्धा झोपवला होता. त्याने मागच्या हौदात तरंगता गोळा बसवून घेतला. हौद भरला की गोळा वर येतो, दांडी दाबली जाते आणि नळाचं तोंड बंद. म्हणजे आता पाणी येवो, जावो, सत्तार झोपेल. पाण्याच्या दोन पाळ्या तो खरंच झोपला. खुर्शीद, त्याची बायको, मोहल्ल्यात सांगत फिरली की आमच्याकडं रात्र झाली.

तिसऱ्या पाळीला तिनेच त्याला हलवलं.

"उठा जी. घरात पाऊस पडतोय."

"मग वाळत घातलेलं काढ," सत्तार डोळे न उघडता म्हणाला.

"अवो, वाळत घातलेलं न्हाई, भागूबाईचा कापूस हाय तिथं!"

मग मात्र सत्तार असा उठला की बाज करकरली.

पुढच्या खोलीत, भिंतीच्या तळाशी जिथे जुना लोखंडी पाईप वळतो, तिथून पाण्याचा चपटा फवारा सूंऽऽ करत भिंतीवर आदळत होता. आणि खोलीच्या दुसऱ्या कडेला, जमिनीवरच, भागूबाईचा पिंजलेला कापूस ढिगाने पडला होता. तो काही बाजारातला कापूस नव्हता. भागूबाईच्या आईच्या गादीतला होता. म्हातारी गेल्यावर गादी उसवून तिने तो स्वतः पोत्यात भरून आणला आणि सांगितलं होतं, "सत्तारभाई, ह्यातच धनश्रीची गादी भरा. लेक सासरी जाईल ती आजीच्या कापसावर झोपंल." धनश्रीच्या सासरचा टेम्पो दुपारी येणार होता. कापूस ओला झाला तर पुन्हा वाळवता येतो, पिंजता येतो, पण गंजाचं लाल पाणी कापसातून निघत नाही. आणि म्हातारीचा दुसरा कापूस कुठल्याही दुकानात मिळत नाही.

सत्तारने पाऊल उचललं आणि ओल्या फरशीच्या अलीकडेच थांबला. पिंजायच्या मशीनची मोटर खालीच होती. पाणी तिच्याकडे सरकत होतं.

"खुर्शीद, आधी मेन स्वीच! बाजेवरनं जा, पान्यात पाय नको घालू!"

खुर्शीद बाजेवर चढून दाराशेजारच्या मेनपर्यंत पोचली. घर काळंभोर झालं, आणि पाण्याचा आवाज दुप्पट मोठा झाला.

सत्तारने पाईपाला फडकं गुंडाळलं. फवारा फडक्यातून चारी दिशांना निघाला आणि सत्तारला कारंज्यासारखी अंघोळ घडली. त्याने पाणी सोडणाऱ्याला फोन लावला. तो वॉल फिरवून घरी जाऊन झोपतो, आणि झोपताना फोनही झोपवतो. गावात एवढा शहाणा दुसरा माणूस नाही.

भिंतीपलीकडून आवाज आला. "चाचा, काय झालं? आमच्याकडं बी भिंत गार पडलीय!"

हा रविराज, म्हणजे रव्या, शेजारच्या छगनचा पोरगा. नववीत होता, परीक्षेच्या नावाने जागायचा आणि मोबाईल बघायचा. बाप टेम्पो घेऊन नगरला गेला होता, म्हणून आज रात्र पोराच्या मालकीची होती. तो मोबाईलच्या उजेडात दारात येऊन उभा राहिला.

"अभ्यास करत होतास?" सत्तारने भिजल्या अवस्थेतही विचारलं.

"व्हय, भूगोलाचा. पान्याचा धडा."

"मग ह्या पान्याचं काय ते बोल!"

रव्याने फवाऱ्याकडे पाहिलं. "चाचा, हे हौदाचं पानी न्हाई. हौद मागं, आन् तो खाली हाय. हे गावाच्या लायनीचं हाय, सगळं दाब धरून आलंय. तुमचा गोळा बंद झाला, पानी जाणार कुटं? जुना पाईप, तो कोपऱ्यातच फुटला."

सत्तारला वाटलं, आपली झोपच आपल्यावर फिरली. पण त्याला बोलायला वेळ नव्हता.

"ओट्यावरचा नळ पूर्ण सोडा," रव्या म्हणाला.

"घरात कमी हाय का, की गल्लीत बी सोडू?"

"सोडा ना चाचा! तिकडं वाट मिळाली की इकडं जोर कमी होईल."

खुर्शीदने ओट्यावरचा नळ पूर्ण उघडला. आतला फवारा खरोखरच खाली बसला. सूं गेली, भळभळ राहिली. पाणी थांबलं नव्हतं, पण त्यांना थोडा वेळ मिळाला होता. खुर्शीदने बाजेवर चादर अंथरली आणि अंधारात चाचपडत कापूस ओंजळी ओंजळीने उचलून तिच्यावर ठेवायला लागली. पिंजलेला कापूस घाईने उचलता येत नाही. हवेने फुगलेला असतो, दाबला की त्याचा गठ्ठा होतो.

"आता तुमचा वॉल कुटं हाय? घरात यायच्या आधीचा."

सत्तारने दाराबाहेर पाहिलं. वॉल. तो असतो एवढं त्याला माहीत होतं. शेवटचा कधी पाहिला ते आठवत नव्हतं. गल्ली सिमेंटची झाली तेव्हा रस्ता वर आला, पावसाचं पाणी दारात यायला लागलं, म्हणून सगळ्यांनी ओटे उंच केले. सत्तारने स्वतः घमेली वाहिली होती. वॉल त्याच्याखाली कुठेतरी गाडला गेला होता.

"मला तरी कुटं माहीत हाय," सत्तार म्हणाला. "मीच पुरलाय, आन् मलाच थांग न्हाई."

रव्या स्वतःच्या ओट्याकडे गेला. ही सगळी रांग एकाच नळकामवाल्याने एकदम जोडली होती, आणि त्याला दर घराला नवीन डोकं लावायची हौस नव्हती. छगनने ओटा उंच करताना वॉलची जागा मोकळी सोडली होती, म्हणून रव्याच्या घराचा वॉल अजून उघड्यावर होता. पाईप जिथून जमिनीत शिरतो तिथून दोन वीत रस्त्याकडे, एका लहान खड्ड्यात. त्याने आपल्या ओट्यावर वीत घातली, मग सत्तारच्या दाराशी येऊन तशीच घातली. बोट शहाबादी फरशीच्या मध्यावर आलं. त्या फरशीवर सत्तार रोज संध्याकाळी बसून चहा प्यायचा.

"ह्याच्याखाली असंल."

"असंल म्हणजे?"

रव्याने घरून पहार आणि बापाची हत्यारं आणली आणि पहारेच्या टोकाने आजूबाजूला हलकेच ठोकलं. कडेला ठक्, मध्ये पोकळ ढब. मग त्याने लांब पेचकस फरशीच्या फटीत उभा धरला आणि मुठीवर कान टेकला. "हितं पान्याचा सुसाट आवाज येतोय. ऐका."

सत्तारने कान लावला. फरशीच्या खालून सारखा फुसफुस असा आवाज येत होता.

दोघांनी पहार घालून फरशी उचलली. सत्तारच्या कमरेला जो हिसका बसला तो तिने दुसऱ्या दिवशी बोलून दाखवला. खड्ड्यात चिखल, पाला आणि उंदराने आणलेला कागद होता. रव्याने आधी उजेड टाकला, विंचू नाही ना बघितलं, काठीने चिखल हलवला आणि मगच हात घातला. पितळेचा जुना वॉल होता. वरचं चाक गायब, नुसती चौकोनी दांडी.

सत्तारने पाना लावून जोरात हिसडा मारला.

"नको चाचा! दांडी तुटली तर सकाळपर्यंत वॉल बी न्हाई आन् पानी बी बंद न्हाई."

"मग काय मंत्र म्हनायचा?"

"तुमचं शिलाई मशीनचं तेल आणा."

खुर्शीदने तेलाची बाटली दिली. रव्याने दांडीच्या बुडाशी तेल सोडलं आणि थोडं थांबला. एका पान्याने त्याने वॉलचं अंग धरलं, म्हणजे पीळ जुन्या पाईपवर जाऊन तिथे नवीन भोक पडणार नाही. दुसऱ्या पान्याने दांडी आधी डावीकडे किंचित, मग उजवीकडे किंचित. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. गंज कुरकुरला आणि सुटला. मग दांडी उजवीकडे वळायला लागली, फेऱ्यामागून फेरा. ओट्यावरच्या नळाची धार बारीक होत गेली.

"थांबली का आत?" रव्याने ओरडून विचारलं.

"बारीक चालूच हाय!" खुर्शीद म्हणाली.

सत्तारचा धीर सुटला. "गेला वॉल कामातनं."

"गेला न्हाई. तळाशी वाळू बसली असंल. इतकी वर्षं उघडाच हुता ना." रव्याने वॉल परत दोन फेरे उघडला. पाण्याचा लोंढा घसघसून गेला आणि बसलेली वाळू घेऊन गेला. लगेच त्याने पुन्हा बंद केला. या वेळी दांडी अगदी तळाला टेकली. आवाज संपला.

आत पाईपातून आणखी थोडंसं पाणी ठिबकलं, कारण वॉलनंतर पाईपात जे उरलं होतं ते निघून जायला हवं होतंच. मग तेही थांबलं. तिघेही ओल्या जमिनीवर बसून राहिले. एवढ्या शांततेत गल्लीतलं कुत्रं जांभई देतानाही ऐकू आलं.

"जा आता भूगोल कर," सत्तार म्हणाला. "आन् ह्या पान्याचे मार्क मास्तरांकडं मागू नकोस."

उजाडल्यावर मेन लावायच्या आधी सत्तारने मोटर पुसली आणि वायरमनकडून तपासून घ्यायचं ठरवलं. मग तो कापसापाशी गेला. ढिगाची एक कड भिजली होती आणि तिच्यावर गंजाचा तांबडा ओघळ पडला होता. बाकी कापूस कोरडा होता. त्याने तांबडा भाग अलग केला. गादीत तो भरला तर धनश्रीच्या पांढऱ्या खोळीतून डाग वर येणार. नाही भरला तर गादी पातळ होणार.

"नवीन कापूस मिसळून टाका," खुर्शीद हळूच म्हणाली. "कोण बघतंय खोळीत?"

सत्तारला रात्रीची झोप नव्हती आणि खोटं बोलायला लागतो तेवढा उत्साहही नव्हता. त्याने तांबडा गोळा मांडीवर घेतला आणि भागूबाईची वाट पाहत बसला.

भागूबाई लवकरच आली. त्याने सगळं सांगितलं, गोळा दाखवला, आणि मान खाली घातली. तिने तो गोळा हातात घेतला, बोटांनी विंचरून पाहिला.

"म्हणजे गादी पातळ हुईल?"

"हुईल. दुसरा कापूस घालू का? सांगूनच घालतो."

"नको. दुसरा नको." ती गोळा पदरात बांधत म्हणाली. "हुऊ द्या पातळ. माजी आई बी पातळच हुती."

सत्तारने सुई घेतली. दोरा ओवताना तीनदा चुकला.