आक्काचा एक फोटो आणि माझे पाच तुकडे

आक्कानं मागितला होता एकच फोटो. दाजींचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. नागपूरला तिच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा लग्नाचा अल्बम गेला. उरला तो दाजींचा ओळखपत्राचा फोटो, त्यात माणूस वसुलीला आल्यासारखा दिसतो. "असा फोटो पाटावर ठेवू का? लग्नातला एक हसलेला हाय बघ त्यांचा, तेवढा पाठव," ती म्हणाली.

आमच्याकडची प्रत शाबूत होती. लग्न चुडाव्याजवळच्या आमच्या गावी झालेलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एसटी निघेल का याचा भरवसा नव्हता, म्हणून फोटोग्राफरला रेल्वेनं आणलं होतं. पालमला तहसिलीत कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि मुलानं दिलेल्या कॉम्प्युटरवर तो अख्खा अल्बम स्कॅन करून ठेवला होता. फोनवर फोटो पाठवायची सोय आमच्या घरी तेव्हा आली नव्हती. ईमेल मात्र मला येत होती, निदान मी तसं सगळ्यांना सांगितलं होतं.

मी म्हटलं, एक काय, सगळेच पाठवतो, तिचं तिनं निवडावं. खरं म्हणजे हसलेला शोधायचा मला कंटाळा होता.

अख्खं फोल्डर ऐंशी एमबीचं आणि मेलला पंचवीसच्या वर चालत नाही. बायको म्हणाली, "थोडेथोडे करून पाठवा की." एवढी सोपी गोष्ट मी ऐकेन तर शपथ. मी झिप केली. वाटलं, गादी दाबून ट्रंकेत बसवतात तसे फोटो बसतील. झाले एकोणऐंशी. हे फोटो आधीच दाबलेले असतात, झिप त्यांना आणखी काय दाबणार! मग झिपचे तुकडे पाडायचा पर्याय सापडला. चोवीस-चोवीसचे पाडले. मेलनं तेही परत केले. मी कंपनीच्या नावानं यथेच्छ बोटं मोडली, मग शोधता शोधता कळलं की जोडलेली फाईल मेलमधून जाताना तिसऱ्या हिश्श्यानं फुगते. चोवीसची बत्तीस होते. शेवटी सतरा-सतराचे पाडले. पाच तुकडे झाले, नावाच्या शेवटी 001, 002 असे आकडे घेऊन.

आता पाठवायचे तेवढे राहिले होते. पण किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी श्री लिहिणारा माणूस मी. पहिल्याच तुकड्याला श्रीऐवजी 001? मी त्याचं नाव पुसून नुसतं 'श्री' ठेवलं. कॉम्प्युटरनं विचारलं, असं केलं तर फाईल बिनकामाची होऊ शकते, करायचं का? मी 'होय' दाबलं. मशीनला काय कळतंय. पाच मेल पाठवले आणि हात झटकले.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी आक्काच्या सुनेचा फोन आला. "मामा, काहीच उघडत नाही. फ्रेमवाला सातला दुकान बंद करतो."

"तुमचा कॉम्प्युटर बिघडला असंल," मी म्हणालो.

मागून आक्काचा आवाज आला, "राहू दे गं. हाय तोच ठेवू." ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं.

"पाची एकाच फोल्डरात हायत ना? नावं वाच बरं," मी म्हणालो.

"नाव एकच, शेवटी 002, 003, 004, 005. आणि एक नुसतं श्री."

मी डोक्याला हात लावला. वाचायला सुरुवात पहिल्या तुकड्यापासून होते आणि पुढचे आकड्यावरून सापडतात. पहिल्याचाच आकडा मी खाल्लेला. बाकीचे चार एकटे उघडणार कसे?

"श्री काढ," मी म्हणालो, "आणि बाकीच्यांचं जे नाव हाय तेच दे त्याला, शेवटी 001 लाव. मग तेवढंच उघड."

बायको दारात उभी होती. 'थोडेथोडे' हा शब्द तिनं काढला नाही, हा तिचा मोठेपणा.

अर्ध्या तासानं आक्काचाच फोन आला. "सापडला. फ्रेमवाल्याकडं घेऊन गेलीय सून."

"कसा हाय?"

"हसायलेत लय. तू फोटोग्राफरला शिकवायलास, बोट करून. आन् अंतरपाट तुझ्या पायात गुंतलाय. पडायच्या बेतात हायस तू. नांदायला निघाले तर मी रडायलते आन् हे गाडीत बसून तेच आठवून हसायलते. मला राग आलता लय. म्हणलं, माणूस हाय का कोण."

मी कॉम्प्युटरवर तो फोटो शोधू लागलो.

"आता हसा म्हणावं," ती म्हणाली, "दिवसभर हसा." आणि तिनं फोन ठेवला.