रात्रीचं भरलेलं ताट

ठमाबाईला सांभाळायचं तीन मुलांनी मजल्यांप्रमाणे वाटून घेतलं होतं. घरच्या जमिनीवर बिल्डरने इमारत उभी केली, तीन भावांना तीन मजले आले आणि आईच्या वाट्याला तळमजल्यावरची जिन्याखालची खोली. सकाळचं थोरल्या रघुकडून, दुपारचं मधल्या काळुरामकडून, रात्रीचं धाकट्या दिपेशकडून. मानपाडा रस्त्याच्या बाजूच्या त्या गावात कुणी विचारलं की तिघंही छाती काढून सांगायचे, "आमच्या आयला टायमावर जेवण मिळतं." खोटं नव्हतं. टायमावरच मिळायचं.

पावसाच्या तोंडावर ती मोरीत घसरली आणि खुबा मोडला. ठाण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. घरी आली ती वॉकर धरून, आणि खुर्चीतून उठायचं तर कुणीतरी काखेत हात घालायचा. ज्या बाईने अर्धं आयुष्य मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, तिच्या मांड्या दोन महिन्यांत काठीसारख्या झाल्या. कातडी लोंबायला लागली. ती मांडीवर हात ठेवून बघायची, जसं दुसऱ्याचं काहीतरी आपल्या घरात चुकून येऊन पडलंय.

दिपेशने एके दिवशी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. "आय, बघ. दिवाळीपर्यंत स्वतःची स्वतः उठायला लागलीस तर कोण तुला कशाला पाठवतोय? नाय जमलं तर मग आश्रमाचा बघायला लागेल. तिकडे माणसं असतात उचलायला. आमच्या बायकांची कंबर जाते."

तळमजल्याच्या त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने शटर बसवलं की तिचं ऑफिस होणार होतं, हे तो बोलला नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. ठमाबाईलाही.

म्हणून तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ वैशाली मॅडम बोलायला लागल्या तेव्हा ती जिवाचा कान करून ऐकत होती.

"आजी, दिवसभरात काय काय खाता?"

"सकाळला चाय आन खारी. दुपारला भात आन पातळ आमटी. रातच्याला मात्र दिपेश ताट भरून देतो. कोंबडी, अंडी, दूध, कधी मटण."

दिपेश बाजूलाच उभा होता. तो खूश झाला.

"तुमचं वजन बावन्न किलो," वैशाली म्हणाल्या. "दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं पाहिजेत. किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, म्हणून बिनधास्त सांगते. पण साठच्या साठ रात्री नकोत. स्नायूला माल दर जेवणाला लागतो. जेवलात की तो काही तास बांधकाम करतो, मग थांबतो. एका वेळी खूप खाल्लं म्हणून तो दुप्पट बांधत नाही, आणि उरलेलं उद्यासाठी राखूनही ठेवत नाही. शरीर ते जाळून टाकतं, नाहीतर चरबी करतं. आणि तुमच्या वयात थोड्याशा प्रथिनाने तो जागाच होत नाही. एका वेळी वीसेक ग्रॅम तरी हवेत, सकाळी, दुपारी, रात्री. संध्याकाळी आणखी थोडे. सकाळची खारी त्याच्या गणतीतच नाही."

ठमाबाई म्हणाली, "मिठागरासारखं हाय तर. उधाणाचं पाणी सगळं एकदम वाफ्यात सोडलं म्हणून मीठ जास्त येत नाय. बांधावरून वाहून जातं. बेतानं सोडायचं, सुकलं की परत सोडायचं."

"अगदी तसंच," वैशाली हसल्या. "आणि सोबत खुर्चीतून उठ-बस करायची. दिवसातून तीन वेळा, दमेपर्यंत. नुसतं खाऊन होणार नाही."

"साठ ना मॅडम?" दिपेश मध्येच म्हणाला. "टेन्शन नको. साठ काय, सत्तर देतो. रात्रीचं आपल्याकडेच आहे."

"अहो, मी तेच सांगतेय की..."

"समजला, समजला." तो फाईल उचलून निघालासुद्धा.

घरी आल्यावर ठमाबाईने थोरल्या सुनेला, रघुच्या बायकोला, विचारलं. "सकाळला दोन अंडी देशील गो? खारी नको."

सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रात्री दिपेशभावजी पातेलं भरून पाठवतात ना? गावभर सांगत फिरतात. मग आमच्याकडून अंडी कशाला? उद्या म्हणतील, बघा, माझं पुरत नव्हतं म्हणून थोरल्याने दिली."

काळुरामकडे मागितलं तर तो हसून म्हणाला, "आये, चांगलं चांगलं त्याच्या ताटात आणि नाव ठेवायला आम्ही? त्यालाच सांग दुपारी पाठवायला."

दिपेशला सांगितलं तर तो चिडला. "दुपार काळूदादाची हाय. मी त्याच्या पाळीत का घुसू? आणि माझं काय कमी पडतं? काल अर्धी कोंबडी होती तुझ्या ताटात. अर्धी मांजरीने खाल्ली!"

मांजरीने खाल्ली हे खरं होतं. दिवसभर चहा आणि पातळ आमटीवर काढलेल्या पोटात रात्री अर्धी कोंबडी मावत नव्हती. दोन घासांत मळमळायचं. पण ताट परत पाठवलं तर वर दर्शनाचं, म्हणजे दिपेशच्या बायकोचं, तोंड सुरू व्हायचं, म्हणून मांजर.

तिन्ही मजल्यांवर कुणीच वाईट नव्हतं असं नाही, पण या बाबतीत वाईटपणाची गरजच नव्हती. पाळी पाळली जात होती, एवढंच.

तेव्हा ठमाबाईने पाळी स्वतःच मोडली. "अंडी सोलू नको गो, मी सोलते," असं तिने दर्शनाला सांगितलं. रात्री ताटातली दोन अंडी कवचासकट बाजूला काढायची, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवायची. दुधाचा पेलाही तसाच झाकून. सकाळी खारी बाजूला सारून ती अंडी आणि दूध. दुपारसाठी खिडकीखालून जाणाऱ्या चणेवाल्याकडून फुटाणे. दाढा नव्हत्या, म्हणून खलबत्त्यात कुटून ताकात कालवायचे. त्यावर काळुरामच्या आमटीतली तळाशी बसलेली डाळ ढवळून घ्यायची. वीस ग्रॅम होत असतील की नाही, कोण मोजणार? पण संध्याकाळी पुन्हा मूठभर फुटाण्यांची पूड असायची. रात्री कोंबडीचे तीन-चार तुकडे, आता भुकेने खाल्लेले. मांजर रुसली.

आणि तिन्ही वेळा उठ-बस. दार आतून लावून. प्लास्टिकच्या खुर्चीचे हात धरून उठायची, हळूहळू बसायची, धपकन नाही. मांड्या थरथरायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. गणपती आले तेव्हा तिला दोन्ही हातांचा जोर लागत होता. घट बसले तेव्हा एका हाताने भागायला लागलं. दसऱ्याच्या सकाळी तिने हात छातीवर बांधले, पुढे वाकली, आणि उठली. खोलीत कुणी नव्हतं. ती एकटीच खुदकन हसली, आणि परत बसून परत उठली, खरं वाटावं म्हणून.

सांगायचं नाही, दिवाळीला दाखवायचं, असं तिने ठरवलं.

पण त्याआधी दर्शना साफसफाईला खोलीत शिरली. गादी उलटी केली तर कापडाच्या पुरचुंडीत अंड्यांची टरफलं. रोज बाहेर टाकली तर दिसतील म्हणून ठमाबाईने साठवलेली. तिवईखाली दोन सबंध अंडी. उशीच्या अभ्र्यात पूड.

"आई! हे काय? अंडी लपवता? ह्याला मुंग्या लागतात, उंदीर येतात!"

"अगो, ती सकाळला..."

"सकाळला वहिनी नाश्ता देत नाहीत का? उपाशी ठेवतो का आम्ही तुम्हाला?" बोलता बोलता तिने मोबाईल बाहेर काढला होता. ठमाबाई ओल्या फडक्यातली अंडी पदराखाली ओढत होती, तेवढंच त्यात आलं. कुटुंबाच्या ग्रुपवर ते गेलं, खाली दर्शनाने लिहिलं, "सासूबाईंना भ्रम व्हायला लागलाय. अन्न लपवतात." कुणी रडणारे चेहरे टाकले. काळुरामने हात जोडलेले टाकले. रघुने लिहिलं, "वय झालं."

ठमाबाईने दिपेशला समजावायचा प्रयत्न केला. मॅडमनी सांगितलेलं, मिठागराचं, वाफ्याचं. दिपेश ऐकता ऐकता मान हलवत राहिला, लहान मुलाचं ऐकतात तसा.

"बरं बरं. मिठागर. आता झोप."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो एका माणसाला घेऊन आला. कुंडलिक नाव, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. तिन्ही भाऊ बऱ्याच दिवसांनी एकत्र खाली आले होते.

"हे कोण पाव्हणे?" ठमाबाईने विचारलं.

"तुझी तब्येत बघायला आलेत," दिपेश म्हणाला. "आय, स्वतः उठता येतं का तुला? दाखव."

ठमाबाईला वाटलं, आला तो दिवस. तिने वॉकर पायाने बाजूला सारला. हात छातीवर बांधले. पाय मागे घेतले, वाकली, आणि सरळ उभी राहिली. एकदा नाही, बसून पुन्हा उठली. रघुचं तोंड उघडं राहिलं.

"अरे वा!" कुंडलिक म्हणाले. "मग काहीच अडचण नाही. आमच्या आश्रमात अंथरुणाला खिळलेली माणसं घेत नाहीत. उचलायला स्टाफ नाही ना. स्वतः उठता आलं पाहिजे, हीच एक अट. मला तर फोनवर शंका होती."

ठमाबाईला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती दिपेशकडे वळली. "तू बोललेला ना रं, उठलीस तर कोण कशाला पाठवतोय म्हणून?"

"बोललेलो. पण तेव्हा डोकं ठीक होतं तुझं. आता अंडी लपवतेस. इकडे कोण दिवसभर लक्ष देणार?" मग तो कुंडलिककडे वळून कौतुकाने म्हणाला, "बघितलं ना? रोज रात्री कोंबडी. ऑपरेशननंतर अशी उठणारी बाई दाखवा मला. माझ्या ताटाची ताकद आहे ही."

काळुराम हसला. रघु जिन्याकडे बघत राहिला.

"तिथं सकाळला काय देतात?" ठमाबाईने विचारलं.

"चहा-बिस्किट," कुंडलिक म्हणाले. "दुपारी साधं, भात-आमटी. शाकाहारी आहे आमच्याकडे सगळं. पण आजी, काळजी नको. रात्री उसळ, वरण, दूध, पोटभर."

"बघ," दिपेश म्हणाला, "रात्रीचं भरपूर आहे तिकडेही."

"बसा आता आजी, दमाल," कुंडलिक म्हणाले.

ती बसली नाही. चौघंही तिच्या बसण्याची वाट बघत होते. हातांचा आधार न घेता, जिन्याखालच्या त्या खोलीत, तिच्या मांड्या तिला धरून उभ्या होत्या.