चाळीस लिंबं आणि माझी पाळी

माढ्याकडच्या आमच्या विहिरीवर चार भाऊबंदांची पाळी होती. दर चौथ्या दिवशी विहीर आपली, मधले तीन दिवस तिच्यातून बादलीही काढायची नाही. सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात तासभर इंजिन चाललं की तळ दिसायचा, आणि माझ्या तासाचं निम्मं पाणी पाटातच मुरायचं. बागेतल्या माझ्या चाळीस कागदी लिंबांनी पानं गाळायला सुरुवात केली होती.

शेतकी कॉलेजच्या साहेबांनी प्रयोगासाठी थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या काळ्या नळ्या दिल्या. बांधावर दोन ड्रम चढवून मी त्या जोडल्या आणि पाळीच्या दिवशी ड्रम भरले. पण ठिबकला पाणी रोज लागतं, थोडंच, पण रोज. म्हणजे पाळी मोडायची. त्यासाठी तिघांचा होकार हवा होता. काय बोलायचं ते मी वहीत क्रमाने लिहून काढलं, आपल्याच बोलीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बागेत बोलावलं.

"पाटाचं पानी ऊन पितंय, तण पितंय," मी वाचू लागलो. "नळीचं पानी मुळालाच जातंय. बुंध्यापासनं वीतभर लांब ठेवायची, बुंधा भिजला की कुजतोय..."

"झाडाला सलाईन लावलंय व्हय रं?" तिघांतले थोरले, माझे चुलते म्हणाले. सगळे हसले. "वर तर फुफाटाच हाय की!"

"वर न्हाय, खाली बघा, अण्णा." मी कुदळ घातली. खालीही कोरडं. घाईत ड्रमाच्या तोंडाला फडकं बांधायचं राहिलं होतं आणि गाळानं नळी तुंबली होती.

चुलते जायला उठले. मी वही टाकली, पुढच्या झाडाकडे धावलो आणि नळीखाली खणू लागलो. वितीवर काळी, ओली माती लागली. वर तळहाताएवढा डाग, खाली घागरीसारखी फुगलेली ओल. चुलत्यांनी मूठभर दाबून पाहिली. गोळा झाला.

"मला रोज दोन ड्रम द्या. माझा आख्खा दिवस तुमी वाटून घ्या."

"नळ्या बंद पडल्या तर पाळी मागाय यायचं न्हाय."

"न्हाय येत."

"बग हां. शब्द हाय." बाकीच्या दोघांनीही माना डोलावल्या.

संध्याकाळी बायकोच्या जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून ड्रम भरले. प्रत्येक नळीखाली तळहात धरत मी चाळीस झाडं फिरलो. तीन कोरड्या निघाल्या. त्या तोंडानं फुंकल्या, तेव्हा जिभेवर गाळ आला.

माझ्या पाळीच्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. माझ्या दिवसाचं पाणी पाटानं चुलत्यांनी जनावरांसाठी पेरलेल्या कडवळाकडे चाललं होतं. मी तिकडे पाठ करून पहिल्या झाडाखाली बसलो आणि नळीखाली तळहात धरला. थेंब पडायला वेळ लागत होता. पडला. मग दुसऱ्या झाडाखाली गेलो.