पानावरची बोट

एर्लिंडा पाल्मारेस आमच्या इलोइलो शहरातल्या कॉलेजात हिशेब विभागाची प्रमुख. तिच्या हाताखालच्या आम्ही कारकून मुली तिला मानांग म्हणायचो, म्हणजे ताई. मूळची समोरच्या बेटावरची. पंधराव्या वर्षी शिकायला वसतिगृहात आली आणि इकडचीच झाली. आई गेली, घर विकलं गेलं. तरी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी उभी राहून ती बेटाकडे बघायची.

त्या मे महिन्यात विश्वस्त मंडळासाठी अंदाजपत्रकाचा सारांश करायचा होता. एकच पान. खडू, शाई, किरकोळ दुरुस्त्या तिने सरळ वगळल्या. जमाखर्चाच्या मोठ्या बाबी, गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष आकडा, यंदाचा मंजूर आणि पुढचा प्रस्तावित, शिल्लक किती महिने पुरेल, किती विद्यार्थी येतील असं धरलंय, एवढं ठेवलं.

अडलं बोटीपाशी. बेटावरच्या चौतीस मुलांना रोज आणणारी कॉलेजची बोट. मंजूर साडेसहा लाख पेसो, डिझेल महागल्यामुळे गेले नऊ लाख.

"'विद्यार्थी सेवा'त घाल ना," प्रिन्सिपॉल सुमागायसाय म्हणाले. "समुपदेशकाची जागा वर्षभर रिकामी होती. तिथे वाचले तेवढेच इथे गेले. बेरीज जुळते, कोणी विचारणार नाही."

"म्हणूनच तर घालत नाही, सर. न विचारता मंजूर झालं, तर मंजूर कसलं?"

"अगं, दाखवलीस तर बंद करतील. तुझ्याच गावची बोट ना ती?"

तिच्यासमोर बाचोय सुपाचा वाडगा गार होत होता. मग तिने बोटीला वेगळी ओळ दिली. खाली लिहिलं: चौतीस विद्यार्थी, त्यांची फी सतरा लाख. बोट नसेल तर किती येतील, सांगता येत नाही. निर्णय हवा.

बैठकीत म्हातारे विश्वस्त लोक्सिन चष्म्यावरून बघत म्हणाले, "सांगता येत नाही? हे काय उत्तर झालं, बाई?"

"खरं तेवढंच आहे, सर. फुगवून सांगू का?"

दोन तास त्या एका ओळीवरच गेले. शेवटी ठरलं: बोट चालू, पण फक्त सोमवारी आणि शुक्रवारी. मधले दिवस मुलांनी वसतिगृहात राहायचं.

मी खूश झाले. "वाचवलीस, मानांग!"

"वाचली खरी," ती म्हणाली. "पण मीसुद्धा आधी दर शुक्रवारी घरी जायचे. मग महिन्याने. मग नाताळला."

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर एका शुक्रवारी आम्ही धक्क्यावर होतो. मुलं पिशव्या घेऊन धपाधप बोटीत उतरत होती.

नावाडी ओरडला, "मानांग, येताय का? जागा आहे!"

मी म्हटलं, "जा की. सोमवारी ये."

तिने पाऊल पुढे टाकलंही होतं. मग थांबली.

"कोणाकडे जाऊ गं?" ती म्हणाली, आणि बोट लांब जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.