सहा हजार सहाशे वीस

कुलानंद ठाकूर आमच्या कॉलेजात प्रदर्शक होते. म्हणजे प्राध्यापकांच्या खालचे आणि शिपायाच्या वरचे. भागलपूरच्या बाजूला ठाकूर जमीनदारही असतो आणि न्हावीही. कुलानंद न्हावी होते, आणि हे त्यांना कोणी विसरू देत नसे. मी भौतिकशास्त्र विभागात नवा लेक्चरर म्हणून लागलो, तेव्हा विभागप्रमुख डॉ. विंध्येश्वरी सिंह यांनी त्यांची ओळख करून दिली ती अशी : "हे आमचे ठाकूरजी. बापाने गावाच्या दाढ्या केल्या, हे भिंगं पुसतात. हात हलका आहे, हे मात्र खरं."

कुलानंद हसले. मीही हसलो.

त्यांचं राज्य म्हणजे प्रकाशाची अंधारखोली. काळे पडदे, सोडियमचा पिवळा दिवा आणि लोखंडी रुळांवरचं लांब बाक. त्यावर बायप्रिझम. दोन अगदी चपटे लोलक पाठीला पाठ लावावेत तशी ही काच. मधली कड इतकी बोथट की बोटाला लागतही नाही. दिव्यासमोर एक बारीक उभी फट. फटीतून आलेला उजेड काचेच्या दोन अर्ध्यांतून दोन बाजूंना किंचित वळतो आणि पलीकडून पाहणाऱ्याला वाटतं की उजेड एका फटीतून नव्हे, शेजारी-शेजारी असलेल्या दोन फटींतून येतोय. त्या दोन फटी खऱ्या नसतात. पण त्यांचा उजेड एकमेकांत मिसळतो आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, पिवळ्या-काळ्या उभ्या पट्ट्या दिसतात. आयपीसला जोडलेल्या स्क्रूने एका पट्टीची रुंदी मोजायची, तिला दोन आभासी फटींमधल्या अंतराने गुणायचं, फटीपासून आयपीसपर्यंतच्या अंतराने भागायचं. हाती येते प्रकाशाची तरंगलांबी. सोडियमची पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम. पुस्तकात छापलेली आहे, सगळ्यांना पाठ असते.

म्हणूनच मोजत कोणी नसे. मुलं उत्तरापासून उलटं गणित करून पट्टीची रुंदी लिहीत आणि आम्ही सह्या करत असू. कुलानंद मात्र ज्याला ऐकायचं असेल त्याला शिकवत. फट आणि काचेची कड समांतर झाली नाही तर पट्ट्या दिसणारच नाहीत. स्क्रू एकाच दिशेने फिरवा, उलटा फिरवलात की तो आधी थोडा मोकळा फिरतो. दोन आभासी फटींना हात लावता येत नाही, म्हणून मध्ये भिंग धरून त्यांची प्रतिमा दोन जागी घ्या, एकदा मोठी, एकदा लहान. प्रतिमांमधलं अंतर दोन्ही वेळा त्याच स्क्रूने मोजा, त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. "दिसतं ते लिहा," एवढंच ते शेवटी म्हणत.

ऐकणाऱ्यांत त्यांची मुलगी सुनैना होती. आमच्याच कॉलेजात बीएस्सीला, वर्गात एकटी मुलगी. बापासारखीच गप्प. गणितात मात्र आमच्यातल्या दोघांपेक्षा पुढे. त्या दोघांतला एक मी.

शहाऐंशी साली डॉ. सिंहांनी बाकासाठी नवा आयपीस आणवला. त्याच्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, असं वर कोरलेलं होतं. आठवड्याभरात कुलानंद माझ्याकडे आले. म्हणाले, उत्तर फार मोठं येतंय, तुम्ही एकदा बघा. कपाटात जुनी काचेची पट्टी होती, बारीक आखलेली. ती आम्ही आयपीससमोर धरली आणि पाच मिलिमीटर मोजले. डायलवर आले पाच पूर्णांक तीस. तीनदा मोजले, तीनदा तेच. स्क्रूचे आटे बारीक पडले होते; शंभराच्या जागी तो एकशे सहा दाखवत होता.

कुलानंदांनी सुबक अक्षरात एक कार्ड लिहून बाकाला लावलं : प्रत्येक मोजणी ०.९४३ ने गुणावी.

डॉ. सिंहांनी ते दुसऱ्या दिवशी फाडलं. विभागात सगळ्यांसमोर म्हणाले, "मी आणलेलं यंत्र खोटं, असं लिहून लावता? हा वस्तरा नाही ठाकूरजी, की अंगठ्यावर घासून धार बघितली." काचेची पट्टी त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. कुलानंदांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

वैशाखात प्रात्यक्षिक परीक्षा लागली. नियम असा की परीक्षार्थीचा नातलग खोलीत नको. कुलानंदांनी रजेचा अर्ज दिला. डॉ. सिंहांनी तो परत केला. दिवा लावायला दुसरं कोण आहे, म्हणाले, तुम्ही या. बाहेरचे परीक्षक त्रिपुरारी शरण नावाचे होते. घामाघूम होऊन पोहोचले आणि आल्याआल्या जेवण किती वाजता, ते विचारलं. डॉ. सिंहांच्या घरी रोहूचं कालवण होतं.

चिठ्ठ्या उचलल्या. सुनैनाला बायप्रिझम आला.

कुलानंदांनी दिवा लावून दिला आणि ते पडद्याबाहेर जाऊन उभे राहिले. आयपीसबद्दल त्यांनी तिला घरीही सांगितलं नव्हतं. नंतर मला म्हणाले, परीक्षेच्या यंत्राची गोष्ट मुलीला कशी सांगणार, ती चोरीच झाली असती.

तिने तीन तास मोजलं. दहा पट्ट्या सात पूर्णांक अठरा मिलिमीटरमध्ये. आभासी फटींमधलं अंतर शून्य पूर्णांक ब्याण्णव दोन. बाकावरचं अंतर एक मीटर. उत्तर आलं सहा हजार सहाशे वीस. तिने ते खोडलं नाही. पुन्हा सगळं मोजलं, पुन्हा तेच. मग खाली चार ओळी लिहिल्या. उत्तर खऱ्यापेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी मोठं आहे. मीटरपट्टीत एवढी चूक होणार नाही. पट्टीची रुंदी आणि फटींमधलं अंतर या दोन्ही गोष्टी एकाच स्क्रूने मोजल्या, म्हणून स्क्रूची चूक उत्तरात दोनदा गुणली जाते. तेव्हा स्क्रू सुमारे सहा टक्के जास्त दाखवत असावा.

मी आयुष्यात पुष्कळ उत्तरपत्रिका पाहिल्या. तसं लिहिलेलं पुन्हा दिसलं नाही.

शरण साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. समोर ठेवलेल्या वर्षभराच्या प्रयोगवह्यांत बाकी बारा जणांचं उत्तर पाच हजार आठशे नव्वदच्या आसपास होतं, त्यातल्या दोघांना तर बाकावर पट्ट्याही दिसल्या नव्हत्या. ते म्हणाले, "हे विद्यार्थ्याला सुचत नाही. हिला कोणी सांगितलं?"

"वडील पडद्याबाहेरच उभे आहेत," डॉ. सिंह म्हणाले. नियम मोडून त्यांना तिथे उभं कोणी केलं, हे ते बोलले नाहीत.

सुनैना उभी राहिली. मला कोणी सांगितलं नाही, हिशेबच तसा येतो, असं म्हणून कागदावर करून दाखवू लागली. शरण साहेबांनी हाताने थांबवलं.

डॉ. सिंह कुलानंदांना व्हरांड्यात घेऊन गेले. मी दाराशी होतो, मला सगळं ऐकू आलं.

"स्क्रू चुकीचा आहे म्हणालात, तर तुम्हाला ठाऊक होतं, म्हणजे तुम्हीच तिला सांगितलंत. मग ही कॉपी झाली. तीन वर्षं परीक्षा बंद, आणि तुमची नोकरी गेली. स्क्रू बरोबर आहे म्हणालात, तर पोरीची मोजण्यात चूक झाली. चूक कोणाचीही होते. पासापुरते गुण देऊ, मी शब्द टाकतो."

कुलानंद म्हणाले, "साहेब, कपाट उघडा. काचेची पट्टी लावून बघू. पाच मिनिटं लागतील."

"कपाट उघडणार नाही."

ते आत आले. सुनैनाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा भीती नव्हती. बाबूजी आले, आता ते सांगतील, एवढंच होतं.

शरण साहेबांनी विचारलं, "यंत्र तुमच्या ताब्यात असतं. स्क्रूत काही दोष आहे?"

"नाही साहेब. स्क्रू बरोबर आहे."

मग शरण साहेब माझ्याकडे वळले. तुमचं काय मत? मी म्हणालो, ठाकूरजींनाच जास्त माहिती.

त्यांनी लाल पेन उघडलं. यंत्र बरोबर असताना यंत्रावर ठपका ठेवला, म्हणजे चूक झाकायला थाप मारली, असं म्हणून तिच्या चार ओळींवर उभी रेघ मारली आणि शंभरात अकरा गुण दिले. पासाला तेहतीस लागत. कुलानंदांनी डॉ. सिंहांकडे पाहिलं. डॉ. सिंह घड्याळ बघत म्हणाले, गुण बाहेरच्या परीक्षकांच्या हातात असतात, आम्ही काय करणार. चला शरणबाबू, मासे थंड होतील.

घरी गेल्यावर सुनैनाने एकच विचारलं. हे मला कुलानंदांनीच सांगितलं. "बाबूजी, तुम्ही तो स्क्रू मोजला होता?"

"मोजला होता."

"किती आला?"

"सहा टक्के."

"मग माझं बरोबर होतं," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली. त्यानंतर बापलेकीत यावर बोलणं झालं नाही. पुढे कशावरच फारसं झालं नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली. लंबक आला. तिने गुरुत्वाचा आकडा आधी लिहिला, मग त्याला जुळतील असे झोके लिहिले. लंबक खुंटीवरून काढलाही नाही. ब्याण्णव गुण मिळाले, शाबासकीही मिळाली. मग तिने विज्ञान सोडलं. कटिहारकडे एका प्राथमिक शाळेत हिंदी शिकवते. छठपूजेलाही येत नाही.

कुलानंद आणखी नऊ वर्षं त्या बाकापाशी होते. आयपीस तोच राहिला. मुलांना शिकवणं त्यांनी बंद केलं. फळ्यावर तयार आकडे लिहून ठेवत, मुलं उतरवून घेत. निवृत्तीच्या दिवशी डॉ. सिंहांनी शाल घातली आणि भाषणात म्हणाले की ठाकूरजींच्या यंत्रात कधी दोष निघाला नाही, हे त्यांनी स्वतः परीक्षकांसमोर सांगितलेलं आहे. काही लोक हसले. कुलानंदांनी हात जोडले.

गेल्या फाल्गुनात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया करून घेत नाहीत. मला आवाजावरून ओळखलं. बराच वेळ हवापाण्याचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात? काचेची पट्टी तुम्हीही धरली होती."

मी म्हणालो, माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. सही डॉ. सिंहांची लागत होती.

"हां," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं तसं."

मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. मी बसलो. चहा घेतला आणि निघालो.