ज्वारीच्या डब्यात प्रश्नपत्रिका

अकरा मार्च. दुपारी मी ज्वारी निवडत होते. लेक दहावीचा बीजगणिताचा पेपर देऊन आली, सोबत तिची मैत्रीण.

"शेवटच्या गणिताचं तुझं उत्तर काय आलं गं?" मैत्रिणीने विचारलं.

इंग्रजीच्या पेपरानंतर अशीच उत्तरं जुळवून लेक संध्याकाळभर रडली होती, पुस्तक उघडलंच नव्हतं. आता परवा भूमिती होती. मी प्रश्नपत्रिका घेतली आणि ज्वारीच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"काकू, लई कडक हाय तुमचं."

"लिहिलेलं आता बदलत न्हाई. वर्तुळाला स्पर्शिका काढता येती का तुला?"

"न्हाई."

"मग बस हितं."

"आई, माझं चुकलंच असंल," लेक हळूच म्हणाली.

"असंल," मी म्हटलं. "कंपास काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुन्हा भूमितीला बसायच्या आधी मी त्यांच्या पेन्सिलींना टोक करून ठेवलं.